हॉटेल किती लाखांत सुरू होतं?

बडोद्याचा माझा मावसभाऊ फेब्रुवारीत घरी आला तो वही घेऊनच. नोकरी सोडून छोटं मराठी हॉटेल काढायचं त्याचं पक्कं झालं होतं. मिसळ, थालीपीठ, साबुदाणा खिचडी, दुपारी झुणका-भाकरीची थाळी, एवढंच. 28 खुर्च्या. वहीत खर्चाची बेरीज होती 9 लाख 40 हजार. हाताशी 15 लाख होते: त्याची बचत 8, बायकोची 2 आणि मावशीची 5 लाखांची एफडी. "दादा, साडेपाच लाख तर नुसते शिल्लक राहतात. तू फक्त एकदा एक्सेलमध्ये टाकून दे."

मावशी आतून म्हणाली, "शिल्लक राहतात तर माझी एफडी कशाला मोडतोस?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, पण प्रश्न बरोबर होता. पुढचे दोन रविवार आम्ही तो सोडवण्यात घालवले. त्यातून जे कळलं ते या वेळच्या सदरात लिहितो, कारण आपल्यातले निम्मे लोक कधी ना कधी 'एखादं हॉटेल टाकावं' म्हणतात. आकडे त्याच्या दुकानाचे आहेत. तुमचे वेगळे येतील, पण पद्धत हीच राहील.

आधी ती वही. तिच्यात दुकानाचं डिपॉझिट, आतलं काम, किचनचं सामान, टेबल-खुर्च्या, भांडी आणि लायसन्स हे सगळं होतं. चूक एकाही ओळीत नव्हती. जे राहिलं होतं त्याच्या ओळीच वहीत नव्हत्या.

पहिली राहिलेली गोष्ट कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात होती: 'जीएसटी वेगळा'. बर्नरची रेंज, स्टीलची टेबलं, उभा फ्रिज, वेट ग्राइंडर, सिंक, चुलीवरचा हूड आणि त्याचा ब्लोअर यांचे मिळून 3 लाख 5 हजार लिहिले होते. त्यावर 18 टक्के धरले की झाले जवळजवळ 3 लाख 60 हजार. दुसऱ्या कुठल्या धंद्यात हा कर पुढे विक्रीच्या करातून वळता करून घेता येतो. साधं रेस्टॉरंट गिऱ्हाइकाकडून 5 टक्के जीएसटी घेतं, पण त्या बदल्यात खरेदीवर भरलेला कर त्याला वळता करता येत नाही. म्हणजे ते 55 हजार गेले ते गेलेच. फर्निचरचं आणि आतल्या कामाचंही तेच.

दुसरी गोष्ट, भाडं हॉटेल उघडल्यावर सुरू होत नाही, किल्ली हातात आल्यावर होतं. टाइल्स, पाण्याची लाइन, विजेचा लोड वाढवून घेणं, हूडची डक्ट गच्चीपर्यंत नेणं आणि लायसन्स यांत दोन महिने सहज जातात. 35 हजारांचं भाडं दोनदा, म्हणजे 70 हजार. स्वयंपाकीही उद्घाटनाच्या दिवशी उगवत नाही. चव बसवायला आणि हाताखालची माणसं तयार करायला तो तीन-चार आठवडे आधी लागतो, त्याचा आणि मदतनिसाचा पगार धरून 50 हजार. ट्रायलच्या दिवसांचं फुकट खाणं आणि उद्घाटन 30 हजार, दलालाचं एक महिन्याचं भाडं 35 हजार, पहिला माल भरायला 40 हजार.

नवी बेरीज अशी झाली:

डिपॉझिट (4 महिन्यांचं भाडं): 1,40,000
दलाली: 35,000
आतलं काम, वीज, पाणी, बोर्ड: 3,20,000
किचनचं सामान, जीएसटीसह: 3,60,000
टेबल-खुर्च्या: 90,000
भांडी, ताटं: 60,000
लायसन्स, गॅस आणि विजेचं डिपॉझिट, बिलिंग मशीन: 55,000
पहिला माल: 40,000
ट्रायल आणि उद्घाटन: 30,000
उघडण्याआधीचं भाडं: 70,000
उघडण्याआधीचे पगार: 50,000

एकूण 12 लाख 50 हजार. साडेपाच लाखांची शिल्लक अडीच लाखांवर आली. भाऊ जरा गप्प झाला, पण म्हणाला, "ठीक आहे, अडीच तर अडीच. एकदा चालू झालं की रोज गल्ला येतोच."

गल्ला येतो हे खरं. प्रश्न असा, की तो रोज जाणाऱ्या पैशाइतका कधी होतो, आणि तोवर खिशातून किती जातं. दुकान चालू ठेवायला लागणारं भांडवल म्हणतात ते हेच. ते काढायला आधी दोन आकडे लागतात.

पहिला आकडा गिऱ्हाईक येवो न येवो, महिन्याला जाणाऱ्या पैशाचा. भाडं 35 हजार. स्वयंपाकी 25, मदतनीस 14, वाढणारे दोघं मिळून 26 आणि भांडीवाली 10, असे पगार 75 हजार. वीज 15. हिशेबनीस, इंटरनेट, दुरुस्ती, पेस्ट कंट्रोल वगैरे 12. झाले 1 लाख 37 हजार. आणि त्याचं स्वतःचं घर? ती ओळ त्याने शून्य ठेवली होती. "पहिलं वर्ष मी काही घेणार नाही." बायकोला शाळेत नोकरी आहे, पण घराचा हप्ता तिच्या एकटीच्या पगारात भागत नाही. शून्य लिहिलं तरी पैसे जाणारच, फक्त ते गल्ल्यातून न विचारता जातील. म्हणून 25 हजार तिथे लिहिले. स्थिर खर्च 1 लाख 62 हजार.

दुसरा आकडा प्रत्येक 100 रुपयांच्या विक्रीमागे किती रुपये खर्च होतात याचा. इथे आमचा बराच वेळ गेला. त्याने एका मिसळीचा खर्च काढला होता: मटकी, फरसाण, कट, कांदा, लिंबू, दोन पाव, सगळं मिळून 90 रुपयांच्या प्लेटमागे 26. म्हणजे 29 टक्के. हा खर्च कागदावरच्या पदार्थाचा. प्रत्यक्षात गिऱ्हाईक रस्सा दुसऱ्यांदा मागतं आणि आपल्याकडे त्याला नाही म्हणायची पद्धत नाही. संध्याकाळी उरलेली मटकी दुसऱ्या दिवशी आंबते. कांदा महाग होतो तेव्हा भावफलक बदलता येत नाही. बडोद्यात तर पावलोपावली सेवउसळ मिळते, त्यामुळे मिसळीचा भाव मनाला येईल तसा वाढवण्याची सोय नाही. म्हणून कच्च्या मालाचे 36 धरले. गॅसचे 5 (19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर, घरचा चालत नाही). पार्सलचे डबे, कागद, साबण यांचे 5. झाले 46. म्हणजे 100 रुपयांच्या विक्रीतून 54 रुपये स्थिर खर्चाकडे जायला मोकळे होतात.

आता भागाकार सोपा आहे. 1,62,000 भागिले 0.54, म्हणजे बरोबर 3 लाख. महिन्याला 3 लाखांची विक्री झाली तरच हॉटेल स्वतःचं पोट भरतं. माणशी सरासरी बिल 130 रुपये आणि सोमवारची सुटी धरून महिन्याचे 26 दिवस, तर रोज 89 माणसं.

89 म्हणजे खूप की थोडी? 28 खुर्च्या आहेत म्हणून एका वेळी 28 माणसं बसत नाहीत. चौघांच्या टेबलावर दोघं बसतात आणि तिसरा अनोळखी माणूस तिथे बसायला बिचकतो. आम्ही त्या भागातल्या दोन हॉटेलांसमोर एक मंगळवार आणि दोन शनिवार बसून मोजलं. गर्दीच्या वेळीही तीनातल्या दोन खुर्च्याच भरलेल्या दिसल्या. म्हणजे आपल्या 28 पैकी 18-19. 89 माणसांसाठी दिवसभरात अशा जवळजवळ पाच फेऱ्या व्हायला हव्यात: नाश्त्याला दोन, दुपारी दीड, संध्याकाळी दीड. अशक्य नाही, पण पहिल्या महिन्यापासून तर नाहीच.

मग बारा महिन्यांचा तक्ता मांडला. उद्घाटन जूनमध्ये. जूनमध्ये नातेवाईक आणि कुतूहल म्हणून येणारे, त्यामुळे विक्री बरी. जुलैत पाऊस आणि कुतूहल संपलेलं, हा सर्वांत पडता महिना. श्रावणात उपासामुळे साबुदाण्याला जरा उठाव. गणपतीत रस्त्यावर माणसं. दिवाळीत शहर लाभपाचमेपर्यंत सुस्त असतं आणि कामगार गावी जातात, म्हणून नोव्हेंबर कमी. मे महिन्यात ऊन आणि सुट्ट्या.

आणखी दोन गोष्टी तक्त्यात घातल्या. दिवाळीचा बोनस, अर्धा पगार म्हणजे 37,500. आणि ऑक्टोबरपासून जवळच्या एका ऑफिसचे डबे, महिन्याला 40 हजारांचे, ज्यांचे पैसे पुढच्या महिन्यात येतात. भाऊ या डब्यांवर खूश होता. विक्री वाढली हे खरं, पण ऑक्टोबरात त्या डब्यांचं तेल, पीठ आणि गॅस आपण रोखीने भरायचं आणि 40 हजार नोव्हेंबरात येणार. नोव्हेंबरात ते येतील तेव्हा नोव्हेंबरचे 40 बाहेर अडकलेले असतील. डबे चालू आहेत तोवर हे 40 हजार कायम बाहेर.

खाली हजारांत आकडे दिले आहेत. सुरुवातीची शिल्लक 250.

| महिना | विक्री | महिनाअखेर शिल्लक |
|---|---|---|
| जून | 240 | 218 |
| जुलै | 170 | 147 |
| ऑगस्ट | 190 | 88 |
| सप्टेंबर | 230 | 50 |
| ऑक्टोबर | 250 | −17 |
| नोव्हेंबर | 220 | −98 |
| डिसेंबर | 290 | −103 |
| जानेवारी | 320 | −92 |
| फेब्रुवारी | 330 | −76 |
| मार्च | 330 | −60 |
| एप्रिल | 310 | −54 |
| मे | 280 | −65 |

या तक्त्यात मला एकच खाना बघायचा होता, शिल्लकेच्या ओळीतला सर्वांत खालचा. तुम्ही मांडाल तेव्हा शिल्लक समजा 20 व्या ओळीत असेल, तर सूत्र एवढंच:

```
=MIN(B20:M20)
```

उत्तर आलं उणे 103. सुरुवातीला 250 होते, म्हणजे डिसेंबरपर्यंत खिशातून 3 लाख 53 हजार जाणार. चालू भांडवल लागणार ते इतकं. 'तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा' असं सरसकट सांगतात, पण तीन महिने का आणि चार का नाहीत, याचं उत्तर फक्त हा खाना देतो. गंमत म्हणजे ऑक्टोबरची विक्री तोवरची सर्वांत चांगली आहे आणि खातं नेमकं त्याच महिन्यात रिकामं होतं, पगारी बोनस तोंडावर असताना. अशा वेळी माणूस आधी किराणावाल्याला थांबवतो, मग भाडं थकवतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला दुकान छान चाललेलं दिसत असतं.

मग विक्रीचे सगळे आकडे 15 टक्क्यांनी कमी करून पाहिले. इथे मात्र मीही सावरून बसलो. सर्वांत खालचा आकडा डिसेंबरमधून निघून मे महिन्यात गेला. शेवटच्या खान्यात. याचा अर्थ घसरण थांबलेलीच नाही, तक्ता संपला म्हणून आकडे थांबले. सर्वांत चांगल्या महिन्यातही विक्री 2 लाख 80 हजारांवर अडकत होती, 3 लाखांच्या खाली. अशा वेळी आणखी किती भांडवल लागेल हा प्रश्नच चुकीचा ठरतो. कितीही ओतलं तरी ते जाणार. बदलायला हवा तो स्थिर खर्च, भाव किंवा जागा.

कर्ज काढलं तर? भावाने विचारलंच. 11 टक्के दराने 5 वर्षांसाठी 5 लाख:

```
=PMT(11%/12,60,-500000)
```

हप्ता सुमारे 10,900. तो भरायला महिन्याला 20 हजारांची जास्त विक्री हवी, म्हणजे रोज आणखी 6 माणसं. 89 ची 95. त्याने ती ओळ स्वतःच खोडली.

शेवटी तीन बदल केले. बंद पडलेल्या एका हॉटेलचं किचनचं सामान जुनं घेतलं, 3 लाख 60 हजारांच्या जागी 2 लाख 30 हजारांत. फ्रिज मात्र जुना घेताना दिवसभर चालवून, आत थर्मामीटर ठेवून पाहिला, कारण त्याचा कॉम्प्रेसर गेला तर वाचवलेले पैसे एका दुरुस्तीत जातात. मालकाशी बोलून कामाच्या दोन महिन्यांपैकी एकाचं भाडं माफ करून घेतलं आणि करारातली 11 महिन्यांची बांधिलकी 6 वर आणली. आणि वाढायला नोव्हेंबरपर्यंत एकच मुलगा, दुसरं माणूस भाऊ स्वतः. त्यामुळे सुरुवातीचा खर्च 10 लाख 85 हजार झाला, हातात 4 लाख 15 हजार राहिले. तोवर लागणारा महिन्याचा खर्च 1 लाख 49 हजारांवर आला आणि रोज लागणारी माणसं 82 वर. सर्वांत खालच्या महिन्यातही 1 लाख 40 हजारांच्या आसपास शिल्लक दिसायला लागली.

मावशीची एफडी मोडली. पण तिने आधी एक गोष्ट लिहून घेतली. ऑक्टोबरअखेर रोजची सरासरी 60 माणसंही होत नसतील, तर दिवाळीनंतर दुकान बंद. तेव्हा डिपॉझिट परत येईल, सामान विकून थोडं येईल आणि हातातली शिल्लकही असेल. डिसेंबर-जानेवारीपर्यंत ओढलं तर यातलं शेवटचं राहणार नाही. मी हे इतकं स्पष्ट बोललो नसतो. मावशी बोलली.

हॉटेल जूनमध्ये सुरू झालं. जीएसटीचं वेगळं खातं पहिल्या दिवशी उघडलं, कारण वर्षाची विक्री 20 लाखांच्या वर जाणार म्हणून नोंदणी लागतेच, आणि गिऱ्हाइकाकडून आलेले ते 5 टक्के गल्ल्यात राहिले की आपलेच वाटू लागतात. पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला ते भरायचे असतात. दर रविवारी रात्री आठवड्याचा कर तो त्या खात्यात सरकवतो. वर दिलेल्या विक्रीच्या आकड्यांत म्हणूनच कर धरलेला नाही.

तक्त्यात आता प्रत्येक महिन्याच्या शेजारी 'प्रत्यक्ष' असा दुसरा स्तंभ आहे. जून 262, जुलै 158, ऑगस्ट 201. तीन महिन्यांची बेरीज अंदाजापेक्षा 21 हजारांनी जास्त आली आणि भावाने मला रात्री साडेअकराला फोन करून सांगितलं. मी विचारलं, खात्यात किती? ऑगस्टअखेर असायला हवे होते 2 लाख 92 हजार. होते 2 लाख 72.

विक्री जास्त आणि पैसे कमी, म्हणजे गळती त्या 46 रुपयांत. बिलं काढून बसलो. गॅस ठीक, डबे ठीक, कच्चा माल 36 च्या जागी 41. त्यातले दोन धागे सापडले. श्रावणात सकाळी अंदाजाने साबुदाणा भिजवत होते आणि रात्री उरलेला टाकत होते. आणि फरसाण वाढणारा मुलगा मूठ भरून घालत होता. पाच प्लेटा वजनकाट्यावर ठेवल्या तर 45 ग्रॅमपासून 80 ग्रॅमपर्यंत निघालं. हिशेबात 50 धरलं होतं.

आता फरसाणाच्या डब्यात 50 ग्रॅमची वाटी आहे आणि साबुदाणा दोनदा भिजतो, पहाटे आणि अकरा वाजता. सप्टेंबरचा कच्च्या मालाचा आकडा पुढच्या आठवड्यात येईल. 38 च्या खाली आला नाही, तर थाळीच्या भाकरीचं पीठही मोजायचं ठरलं आहे.